गावच्या घरातल्या दोन रिकाम्या खोल्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं वडिलोपार्जित घर गुहागरला आहे. जांभ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढे ओटी, मागे पडवी आणि त्यामागे नारळ-सुपारीचं आगर. काका गेल्यापासून तिथे काकू एकटीच राहते. घरातल्या सात खोल्यांपैकी पाच वर्षभर बंद असायच्या. त्यातल्या पडवीलगतच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांसाठी उघडल्या. तेव्हापासून नात्यातले, ओळखीतले आणि अनोळखीही लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे. सगळी उदाहरणं कोकणातल्या कौलारू घराची आहेत. घाटावरच्या वाड्याला छपराचा भाग वेगळा लागू होईल, बाकीचं बरंचसं तसंच राहील.

घर आहे, पण सुरुवात कुठून करायची?

आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या: त्या घरात बारा महिने कुणी राहतं का?

राहत असेल तर पाहुण्यांना खोली देणं जमू शकतं. पाहुणा रात्री साडेनऊला पोचतो, त्याला गरम पाणी हवं असतं, मध्येच वीज जाते, सकाळी सहाला चहा लागतो. हे मुंबईत किंवा पुण्यात बसून फोनवर होत नाही. घरात कुणी राहत नसेल, तर नोकरीनिमित्त गावात आलेल्या माणसाला किंवा कुटुंबाला अकरा महिन्यांच्या कराराने जागा द्या. पैसे थोडे कमी मिळतील, पण घरात दिवा लागेल, चूल पेटेल, दारंखिडक्या उघडतील. कोकणातलं घर पावसापेक्षा बंद राहिल्याने जास्त लवकर खराब होतं.

बंद घराला पगारी राखणदार ठेवून पाहुणे घेण्याचा मार्गही लोक निवडतात. दोन खोल्यांच्या उत्पन्नातून राखणदाराचा वर्षभराचा पगार निघत नाही. पाच-सहा खोल्या असतील तर तो हिशेब वेगळा, पण मग ते थोडक्यात आटपणारं काम राहत नाही.

घर सामाईक आहे. चुलत भाऊ, आत्या, बहिणी सगळ्यांची संमती लागते का?

लागते. आणि ती पहिला रुपया खर्च करण्याआधी घ्यावी.

बहुतेक घरांत नगरपंचायतीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आकारणी उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असतं. पण त्या उताऱ्यावरून घरपट्टी कुणी भरायची एवढंच ठरतं, मालकी सिद्ध होत नाही. मालकीसाठी मिळकतपत्रिका किंवा सातबारा काढा, वारसांची नोंद झाली आहे का ते बघा. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. त्यामुळे "बहिणींचं लग्न झालंय, त्यांना कशाला विचारायचं" हे कायद्यात बसत नाही आणि नात्यातही बसत नाही. कुणाला आपला हिस्सा सोडायचाच असेल तर त्याचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. घरच्या वहीतल्या सहीला अर्थ नसतो.

वाटण्या होईपर्यंत थांबायचं ठरवलं तर घर आधी पडेल. आम्ही चारही हिस्सेदारांनी मुद्रांक कागदावर साधं संमतीपत्र केलं. कोणत्या दोन खोल्या वापरायच्या, खर्च कोण घालणार, तो आधी कसा फेडायचा, नंतर उरलेल्याचं काय करायचं आणि गणपतीच्या पाच दिवसांत घर पूर्णपणे घरच्यांसाठी मोकळं ठेवायचं, हे त्यात लिहिलं. या वापरामुळे कुणाचा हिस्सा वाढत किंवा कमी होत नाही, हेही स्पष्ट लिहिलं. सगळ्यात जास्त चर्चा झाली ती गणपतीच्या कलमावर, आणि आज सगळ्यांना तेच कलम सगळ्यात मोलाचं वाटतं.

कोणत्या खोल्या निवडायच्या?

ज्यांना बाहेरून स्वतंत्र दार आहे आणि जिथून संडास-न्हाणी दहा-पंधरा पावलांच्या आत आहे, त्या. देवघर, माजघर आणि स्वयंपाकघर ओलांडून जावं लागेल अशी खोली कितीही मोठी असली तरी देऊ नका. घरच्या माणसांना स्वतःच्याच घरात चोरट्यासारखं वावरावं लागतं आणि पाहुणेही अवघडतात.

माडी पाहुण्यांना आवडते. पण आमच्याकडे येणाऱ्यांत निम्मे लोक व्याडेश्वराच्या दर्शनाला येणारे असतात. अनेक घराण्यांचं ते कुलदैवत आहे, त्यामुळे बरोबर आजी-आजोबा असतातच. उभा लाकडी जिना त्यांच्या कामाचा नाही.

कौलं, वासे, वाळवी: किती दुरुस्ती पुरेशी?

छपरावर कंजुषी करू नका. बाकी सगळीकडे हात आखडता घेतला तरी चालेल.

पाहणी भर पावसात करावी. जूनमधल्या पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींच्या वेळी घरात राहा आणि कुठे ठिपका पडतो तिथे जमिनीवर खडूने खूण करा. उन्हाळ्यात सुताराला बोलावलं की तो अंदाजाने अर्धं छप्पर उतरवायला सांगतो. खुणा असतील तर काम तेवढ्यापुरतंच राहतं. बहुतेक गळती फुटक्या किंवा सरकलेल्या कौलांची असते आणि त्यात वानरांचा हात मोठा असतो. मे महिन्यात कौलं परतून घेणं हा दरवर्षीचा खर्च आहे, तो पहिल्यापासून हिशेबात धरा.

लाकूड तपासताना वाशाचं मधलं अंग बघून समाधान मानू नका. वासा किंवा तुळई भिंतीत जिथे शिरते ते टोक बघा, कारण भिंतीतली ओल तिथेच लाकडाला लागते. पेचकस टोचून पाहा. तो पाव इंचाहून जास्त सहज आत गेला किंवा टोकल्यावर आवाज पोकळ आला, तर ते लाकूड बदलायचं. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या तर ती वाळवी. जमिनीवर पिठासारखी भुकटी रोज नव्याने पडत असेल तर तो लाकूड पोखरणारा किडा. दोन्हींवरचे उपाय वेगळे असतात. वाळवीचं मूळ जमिनीत असतं, म्हणून औषध पायालगतच्या मातीत आणि भिंतीच्या बुडाशी मुरवावं लागतं, नुसती नळी झाडून टाकली तर ती आठवड्यात परत येते. किडीसाठी औषध लाकडातच भरावं लागतं.

एक छोटी, स्वस्त गोष्ट सुचवतो. जुन्या खोल्या अंधाऱ्या असतात. नवी खिडकी फोडण्यापेक्षा प्रत्येक खोलीत दोन काचेची कौलं बसवा. आमच्या आतल्या खोलीत सकाळी दहाच्या सुमारास त्यातून उन्हाचा चौकोन बरोबर पलंगाच्या पायथ्याशी पडतो. मुलं तो सरकताना बघत बसतात.

भिंतींना कोणता रंग द्यावा?

चुना. ही चूक आम्ही केली आहे म्हणून जोर देऊन सांगतो.

पहिल्या खोलीला आम्ही हौसेने पुट्टी लावून चकचकीत रंग दिला. डिसेंबरात ती खोली सुंदर दिसत होती. ऑगस्टमध्ये जमिनीपासून तीन फुटांपर्यंत फुगे आले आणि हात लावला की पापुद्रे सुटायला लागले. कारण सरळ आहे. जांभा सच्छिद्र असतो. तो पायातून पाणी वर ओढतो आणि हवेत सोडून देतो. त्यावर हवा न जाऊ देणारा थर दिला की ओल आत अडकते आणि थरालाच ढकलून बाहेर काढते. सिमेंटचा गिलावा केला तरी हेच होतं, फक्त दोन पावसाळे उशिरा.

सगळं खरवडून चुना लावला. चुना रात्रभर भिजवायचा, फडक्यातून गाळायचा, त्यात थोडा डिंक घालायचा म्हणजे कपड्यांना लागत नाही. पातळ तीन हात द्यायचे, जाड एक हात नाही. दरवर्षी दिवाळीआधी एक हात पुन्हा. भिंत ओलसर दिसली तरी खराब होत नाही आणि खोलीला तो कुबट वास येत नाही.

संडास-न्हाणी पाश्चात्त्य पद्धतीची करावीच लागते का?

करावीच लागते. आमच्या एकूण खर्चातला सर्वांत मोठा वाटा तिथेच गेला आणि तो योग्य होता. फोनवर दराच्याही आधी विचारला जाणारा प्रश्न असतो, "आईचे गुडघे दुखतात, कमोड आहे ना?"

तो शक्यतो असलेल्या घराच्या आतच बसवा. आम्ही मागच्या पडवीचा एक कोपरा बंद करून घेतला. आगरात वेगळं बांधकाम केलं असतं तर नगरपंचायतीची परवानगी आणि समुद्र जवळ असल्याने किनारा नियमन क्षेत्राचे नियम, असं दोन्ही मागे लागलं असतं. आहे त्या चौथऱ्यातली दुरुस्ती ही तुलनेने सोपी असते, तरी काम काढण्याआधी कार्यालयात लेखी विचारून घ्या.

खरी काळजी विहिरीची. आगरातली जमीन रेताड, विहीर उथळ, आणि प्रत्येक घराला स्वतःची. शोषखड्ड्यातलं पाणी रेतीतून पटकन सरकतं. विहीर आणि शोषखड्डा यांत किमान ५०-६० फूट अंतर ठेवा, आणि शेजाऱ्याची विहीरही मोजा, फक्त आपली नको. आगरं लांबट आणि अरुंद असल्याने शेजाऱ्याची विहीर अनेकदा आपल्या विहिरीपेक्षा जवळ निघते. दहा माणसांसाठी सेप्टिक टाकी साधारण साडेसहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि साडेचार फूट खोल लागते, आणि दर दोन वर्षांनी उपसावी लागते. उपसणारी गाडी तिथपर्यंत येईल का, नळी पोचेल का, हे टाकीची जागा ठरवतानाच बघा. बांधून झाल्यावर पावसाळ्याआधी आणि नंतर विहिरीचं पाणी तपासून घ्या.

संडास एकच असेल तर एका वेळी एकच कुटुंब घ्या. दोन खोल्या दोन अनोळखी कुटुंबांना देऊन एक संडास वापरायला लावला तर दोघंही परत येत नाहीत. आम्ही दोन्ही खोल्या मिळून एकच जागा म्हणून देतो, सहा माणसांपर्यंत.

वीज आणि पाणी?

जुन्या घरात लाकडी पट्टीवरून गेलेल्या तारा असतील तर त्या दोन खोल्यांची वायरिंग पूर्ण नवी करा. गिझरला वेगळी लाइन, योग्य आर्थिंग, आणि मुख्य फळीवर गळती प्रवाह ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच. पाहुणा ओल्या हाताने बटण दाबतो, त्याला घराच्या सवयी माहीत नसतात. एप्रिल-मेमध्ये जमीन सुकली की आर्थिंग कमजोर होतं, तेव्हा आठवड्यातून एकदा त्या खड्ड्यात पाणी घालायचं. मंजूर भार किती आहे ते वीजबिलावर लिहिलेलं असतं, गिझर आणि पंप वाढला की तो वाढवून घ्या. खोल्या पाहुण्यांना देत असल्याचं महावितरणच्या कार्यालयात सांगून मीटरची वर्गवारी लेखी ठरवून घ्या.

वातानुकूलन यंत्र आम्ही बसवलं नाही. कौलारू खोलीत वरून हवा खेळती असते, त्यामुळे यंत्र दिवसभर चाललं तरी खोली थंड राहत नाही. छताचा पंखा, खिडक्यांना बारीक जाळी आणि पलंगावर मच्छरदाणी एवढ्यावर लोक शांत झोपतात.

पाण्याची ५०० लिटरची टाकी सहा माणसांना एका दिवसाला कशीबशी पुरते. आमच्याकडे पहिल्याच दिवाळीला सकाळी सातला टाकी रिकामी आणि वीज गेलेली, अशी वेळ आली. आजोबा अभ्यंगासाठी अंगाला तेल लावून पडवीत बसलेले. काकूने रहाटाने पाणी काढून चुलीवर हंडा चढवला. पुढच्या आठवड्यात आम्ही १००० लिटरची टाकी बसवली. रहाट मात्र काढला नाही, तो चालू स्थितीत ठेवला आहे.

कोणकोणत्या नोंदण्या लागतात?

घरातल्या घरात पाहुणे ठेवण्यासाठी राज्याच्या पर्यटन खात्याची निवास व न्याहारी योजना आहे. मालकाचं कुटुंब तिथेच राहतं, ही तिची मूळ कल्पना. पर्यटन संचालनालयाकडे अर्ज करायचा, मालकीचे आणि घरपट्टीचे कागद, हिस्सेदारांची संमती आणि खोल्यांचे फोटो जोडायचे, मग पाहणी होते. संमतीपत्र आधीच केलेलं असेल तर इथे वेळ वाचतो.

जेवण देणार असाल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची प्राथमिक नोंदणी घ्या. ती छोट्या व्यवसायासाठी असते. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, पत्ता, ओळखपत्राची प्रत, येण्याजाण्याची वेळ अशी वही ठेवा. परदेशी नागरिक उतरला तर २४ तासांच्या आत ऑनलाइन फॉर्म भरून कळवणं बंधनकारक आहे. आपल्याच नात्यातली अमेरिकेत स्थायिक झालेली आणि तिथलं नागरिकत्व घेतलेली माणसंही यात येतात, हे पुष्कळांना माहीत नसतं.

जीएसटीची चिंता दोन खोल्यांच्या घराला सहसा नसते, कारण वर्षाला २० लाखांपर्यंत नोंदणीची गरज पडत नाही. प्राप्तिकर मात्र भरायचाच. पाहुण्यांचं उत्पन्न व्यवसायाचं धरलं जातं, तर कायम भाडं घरापासूनचं उत्पन्न म्हणून धरलं जातं आणि त्यात घरपट्टी वजा करून उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते.

खर्च किती झाला आणि सुटतो किती?

आमचे आकडे देतो. तुमचे वेगळे येतील, पण कोणत्या गोष्टी मोजायच्या ते कळेल.

छपराला ३८,००० लागले, संडास-न्हाणी आणि सेप्टिक टाकीला १,१५,०००. वायरिंग आणि गिझर ३२,०००, टाकी-पंप १८,०००, गाद्या, चादरी, उशा आणि दोन पलंगांची डागडुजी ३४,०००. चुना ९,०००, जाळ्या ८,००० आणि किरकोळ ६,०००. एकूण २,६०,०००. कपाटं, टेबलं, पितळी घंगाळ, आरामखुर्ची हे सगळं घरातच होतं. ते पुसून वापरलं. नवीन फर्निचर एकही घेतलं नाही.

पहिल्या वर्षी २६ कुटुंबं आली आणि मिळून ४१ रात्री राहिली. रात्रीला २,५०० रुपये, म्हणजे १,०२,५००. यातून प्रत्येक वेळच्या सफाईचे ७,८००, धुलाईचे ५,२००, जास्तीच्या विजेचे ९,५००, वर्षाची कौलं परतणी १२,००० आणि फुटतूट ६,००० गेले. एकूण ४०,५०० वजा जाता ६२,००० उरले.

जेवणाचा हिशेब आम्ही वेगळा ठेवतो. ५७,४०० रुपयांचं जेवण गेलं, सामान, गॅस आणि हाताखालच्या बाईची मजुरी मिळून ३४,००० खर्च. उरलेले २३,४०० काकूचे. हे पहिल्यापासून ठरवून ठेवा. घरातली बाई राबते आणि पैसे हिस्सेदारांत वाटले जातात, असं अनेक घरांत होतं आणि दोन वर्षांत ती बाई थकून हात वर करते. तिचं बरोबरच असतं.

खोल्यांच्या ६२,००० वर भांडवल फिटायला चार वर्षांहून थोडा जास्त काळ लागतो. जेवणाचे पैसेही त्यात धरून "तीन वर्षांत पैसे वसूल" असं सांगणारे हिशेब काकूचे कष्ट फुकट धरतात.

वर्षभर पाहुणे येतात का?

नाही. जून ते सप्टेंबर जवळजवळ रिकामं. नाताळचा आठवडा, दिवाळी, मे महिना आणि थंडीतले शनिवार-रविवार, एवढ्यावरच आमच्या ४१ पैकी ३३ रात्री भरल्या. चिपळूणचं रेल्वे स्थानक साधारण ४५ किलोमीटरवर असल्याने एका रात्रीसाठी मधल्या वारी फारसं कुणी येत नाही.

म्हणून वर्षाच्या ३६५ रात्रींच्या निम्म्या भरतील असं धरून कर्ज काढू नका. चाळीस रात्री धरून जमत असेल तरच काम काढा.

जेवणात काय द्यावं?

जे घरात रोज शिजतं ते. आमचं घर शाकाहारी आहे, हे फोनवरच सांगतो. मासे हवे असतील त्यांना गावातली चांगली खानावळ सांगतो. सकाळी घावन नाहीतर पोहे, दुपारी भात, आमटी, पोळी, एक फळभाजी, सोलकढी, रात्री कुळथाचं पिठलं-भात. उकडीचे मोदक हवेत तर आदल्या दिवशी सांगायचे. मेनू वाढवला की सामान पडून राहतं आणि माणूस स्वयंपाकघरातून बाहेर पडत नाही.

घर बंद असतं, म्हणून भाड्याने द्यायचंय. भाडेकरू घर बळकावणार नाही ना?

ही भीती जुन्या काळातल्या कच्च्या व्यवहारांमुळे आहे. तोंडी दिलेली जागा, पावतीवर "भाडं मिळालं" असं लिहून दिलेलं, वीस वर्षं कागद नाही, अशी ती प्रकरणं असतात.

लिव्ह अँड लायसन्स करार करा आणि तो नोंदवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे करार लेखी असणं आणि त्याची नोंदणी करणं ही मालकाची जबाबदारी आहे. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर अटींबाबत समोरच्याचं म्हणणं खरं धरलं जाऊ शकतं, शिवाय मालकाला दंडही आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि अनामतीच्या धरलेल्या व्याजावर पाव टक्का. उदाहरणार्थ महिना ४,५०० भाडं, अकरा महिने, १५,००० अनामत, तर शुल्क दोनशे रुपयांच्या आतच बसतं. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० आणि शहरी हद्दीत १,०००. `igrmaharashtra.gov.in` वरून घरबसल्या नोंदणी होते, दोघांचा आधार आणि बोटांचे ठसे लागतात.

करारात खोल्यांची नावं दिशांसह लिहा, सामानाची यादी फोटोंसह जोडा, कुलूप लावलेल्या खोल्यांचा उल्लेख करा. मुदत संपली की नवा करार करा, जुना तसाच चालू ठेवू नका. भाडं बँकेतच घ्या. पोलीस ठाण्यात माहिती द्या.

अकरा महिन्यांचे ४९,५०० होतात. आमच्या खोल्यांच्या ६२,००० शी तुलना करा आणि मग बघा, रोजच्या धावपळीशिवाय मिळणारी रक्कम कमी आहे का. त्यात खर्चही बराच कमी, कारण भाडेकरूला गाद्या-चादरी पुरवायच्या नसतात.

भाडेकरू शोधताना तालुक्याच्या गावी बदलून आलेले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, दवाखान्यातले कर्मचारी यांना आधी विचारा. त्यांना घरगुती जागा हवी असते आणि ती सहसा मिळत नाही.

भाडेकरू म्हणतो, आगराचीही निगा राखतो. देऊ का?

एकाच कागदात देऊ नका. घराची खोली वापरायला देणं आणि जमीन कसायला देणं या कायद्याच्या नजरेत पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. शेतजमिनीला कूळकायदा लागतो, आणि कोकणात त्यावरून पिढ्यान् पिढ्या वाद चाललेले सगळ्यांनी पाहिले आहेत. नारळ-सुपारीचं काम करून घ्यायचं असेल तर मजुरी देऊन करून घ्या, पावती ठेवा, उत्पन्नात वाटा ठरवू नका. आणि वर्षातून एकदा सातबारा काढून पीकपाहणीत कुणाचं नाव आलं आहे ते वाचा.

पाहुण्यांच्या वागण्याचा त्रास होतो का?

क्वचित. दारू, मोठ्याने गाणी आणि आगाऊ न सांगता वाढलेली माणसं, या तीन गोष्टी आगाऊ रक्कम घेण्याआधीच सांगतो आणि संदेशातही लिहून पाठवतो. एकदा सहा माणसांसाठी घेतलेल्या जागेत अकरा जण उतरले. काकूने जेवायला घातलं, पण पाच जणांना दुसरीकडे राहायला पाठवलं. सेप्टिक टाकी आणि विहीर यांची मापं ठरलेली आहेत, पाहुण्यांच्या आग्रहाने ती वाढत नाहीत.

समुद्राबद्दल मात्र प्रत्येकाला समोर बसवून सांगा. गुहागरचा किनारा सपाट आणि शांत दिसतो, म्हणून लोक ओहोटीच्या वेळी आत जातात आणि पाणी त्यांना ओढून नेतं. भरती-ओहोटीच्या वेळा आम्ही रोज सकाळी ओटीवरच्या फळ्यावर खडूने लिहितो. पावसाळ्यात कुणी आलंच तर पाण्यात पाऊल टाकायचं नाही, ही अट.

पावसाळ्यात खोल्यांचं काय करायचं?

मेच्या शेवटच्या आठवड्यात गाद्या दोन दिवस कडक उन्हात टाकून, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माडीवर भिंतीपासून हातभर दूर ठेवतो. चादरी धुऊन, पूर्ण वाळवून पत्र्याच्या पेटीत कडुनिंबाच्या पाल्यासह. पलंगाचे पाय विटांवर. गिझर रिकामा करून बंद. खोल्यांना कुलूप लावत नाही. पाऊस उघडला की काकू दोन्ही दारं समोरासमोर उघडून तासभर वारा जाऊ देते, आणि आठवड्यातून एकदा निखाऱ्यांवर ऊद घालून घमेलं खोलीत फिरवते.

गणपतीला घरची सगळी माणसं येतात, तेव्हा याच खोल्यांत आम्ही झोपतो. कुठे ओल आली, कोणतं कौल सरकलं, न्हाणीचं पाणी कुठे तुंबतं, हे त्या पाच दिवसांत कळतं. त्याची यादी खडूने पडवीच्या दारामागे लिहिलेली असते आणि दसऱ्याच्या आत गवंडी येऊन ती पुसत जातो.